एसएमएस ओटीपी, ऑथेंटिकेटर ॲप की पासकी? यूट्यूब चॅनल कशानं वाचतं आणि गेलंच तर कशानं परत मिळतं

"टू-स्टेप चालू होतं तरी चॅनल गेलं" असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. चॅनल दोन वेगवेगळ्या वाटांनी जातं आणि टू-स्टेप त्यातली एकच वाट अडवतं, पण कुठल्या प्रकारचं टू-स्टेप लावावं यावर बोलताना सगळे एका वाटेचाच विचार करतात. म्हणून इथे एसएमएसवर येणारा ओटीपी, सतत बदलणारे कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप आणि पासकी, म्हणजे फोनच्या लॉकनं किंवा बोटाच्या ठशानं लॉगिन करायची सोय, हे तिन्ही पर्याय दोन्ही वाटांवर लावून बघू, आणि प्रत्येकात चॅनल परत मिळवायला किती सोपं जातं तेही बघू, कारण निवडताना नेमकं तेच विसरलं जातं.

पहिली वाट म्हणजे खोटं लॉगिन पेज. मेल येतो की तुमच्या व्हिडिओवर कॉपीराइट तक्रार आहे किंवा मॉनेटायझेशनचे नियम बदललेत, इथे क्लिक करून मान्य करा. यात एक चाल फार वाईट आहे, चोर यूट्यूबवर एक प्रायव्हेट व्हिडिओ टाकतो आणि तो तुमच्याशी शेअर करतो, मग मेल खरोखरच no-reply@youtube.com वरून येतो, पत्ता तपासणारा सावध माणूसही फसतो. लिंकमागचं पेज गूगलसारखंच दिसतं आणि आजकाल ते नुसतं पासवर्ड लिहून घेत बसत नाही, तुम्ही टाकलेलं सगळं त्याच क्षणी खऱ्या गूगलला देतं आणि गूगलनं मागितलेला कोड तुमच्याकडून मागून घेतं.

या वाटेवर एसएमएस ओटीपी आणि ऑथेंटिकेटर ॲप जवळपास सारखेच पडतात, कारण दोन्हीत सहा आकडे तुम्ही स्वतःच्या हातानं टाइप करता आणि ते आकडे कुठल्या पेजवर टाकताय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. एसएमएसला वर सिम स्वॅपचा धोका आहे, म्हणजे चोर तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढतो आणि कोड त्याच्याकडे जातात. गूगलनं २०१९ मध्ये आकडे जाहीर केले होते, त्यात एसएमएस कोडनं सरसकट पाठवलेलं फिशिंग ९६ टक्के अडलं पण एखाद्याला हेरून केलेले हल्ले फक्त ७६ टक्के अडले. फोनवर "तुम्हीच आहात का" विचारणारा प्रॉम्प्ट होता तिथे हे ९९ आणि ९० टक्के होतं, आणि यूएसबीवाल्या सिक्युरिटी कीवर दोन्ही प्रकारचे हल्ले शंभर टक्के अडले. चॅनलवाला माणूस हेरलेलाच असतो, त्याचा बिझनेस मेल अबाउटमध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे आपल्यासाठी ७६ वाला आकडा खरा धरायचा.

पासकी किंवा यूएसबीवाली सिक्युरिटी की इथे का जिंकते ते समजून घ्या. ती वेबसाइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, पेज कितीही हुबेहूब असू दे, पत्ता गूगलचा नसेल तर ब्राउझर पासकी पुढे करतच नाही, म्हणजे तुम्ही फसलात तरी चोराला द्यायला तुमच्याकडे काही नसतं. पण एक मोठी गोम आहे. पासकी लावली आणि एसएमएसही चालूच ठेवला तर चोराचं पेज "दुसऱ्या पद्धतीनं साइन इन करा" हा रस्ता धरतं आणि तुमच्याकडून एसएमएसचा कोडच मागतं. खूप जण पासकी लावून निवांत होतात आणि जुना एसएमएस तसाच राहतो. पासकी दोन ठिकाणी नीट बसली की टू-स्टेपच्या यादीतून फोन नंबर काढून टाका. रिकव्हरीसाठी नंबर ठेवायची जागा वेगळी आहे, तिथे तो राहू दे.

आता दुसरी वाट, आणि मोठी चॅनलं जास्त करून हिनंच गेलीत. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे कॅनडातलं दीड कोटीच्या वर सबस्क्रायबर असलेलं चॅनल गेलं, चोरानं नाव बदलून टेस्ला केलं आणि क्रिप्टोचे लाइव्ह सुरू केले. त्यांनीच नंतर सांगितलं की टीममधल्या कोणीतरी स्पॉन्सरची ऑफर समजून आलेली फाइल उघडली, ती दिसायला पीडीएफ पण आतून मालवेअर, आणि तिनं ब्राउझरमधलं सेशन टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, उचललं. पासवर्ड नको, टू-स्टेप नको, कारण गूगलच्या नजरेत तो आधीच लॉगिन झालेला ब्राउझर होता. आपल्याकडे २० सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या चॅनलवरही कोर्टाच्या कामकाजाऐवजी रिपल या क्रिप्टोचा प्रचार दिसत होता, म्हणजे चोरांना चॅनल कशासाठी हवं असतं ते लक्षात येईल, त्यांना तुमचे सबस्क्रायबर हवे असतात, तेही काही तासांपुरते.

या वाटेवर एसएमएस, ॲप आणि पासकी तिघंही लॉगिनच्या क्षणी कामाला येत नाहीत, कारण लॉगिन होतच नाही. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. चोराला पासवर्ड बदलायचा असतो, रिकव्हरी नंबर बदलायचा असतो, आणि तिथे गूगल बहुतेक वेळा पुन्हा ओळख पटवायला सांगतं. मालवेअरनं सेशन टोकनसोबत ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्डही नेलेले असतात, त्यामुळे नुसता पासवर्ड मागितला तर तो त्याच्याकडे आहेच. पासकी मागितली तर तो अडतो. म्हणजे पासकीवाल्याचं चॅनल रात्रभर क्रिप्टोचा लाइव्ह दाखवेल कदाचित, पण अकाउंट हातातून पूर्ण जाण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि परत मिळवताना हा फरक तासांचा की आठवड्यांचा असा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एक काकू रेसिपीचं चॅनल चालवतात आणि एडिटिंग भाचा करतो. भाच्याच्या लॅपटॉपवर काकूंचंच जीमेल लॉगिन आहे, "या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका" वर टिक केलेली आहे. मसाल्याच्या कंपनीच्या नावानं मेल येतो, पैसे चांगले, सोबत पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. पासवर्ड अशासाठी की मेल स्कॅन करणाऱ्याला आत बघता येऊ नये. आत Contract.pdf.scr अशी फाइल, साइज काही शे एमबी, कारण खूप मोठ्या फाइल अँटीव्हायरस बऱ्याचदा तपासत नाहीत. दोन पानांचं काँट्रॅक्ट एवढं मोठं असूच शकत नाही, इथेच थांबायचं होतं. विंडोज शेवटचं .scr लपवतं म्हणून भाच्याला पीडीएफच दिसते. तो डबल क्लिक करतो, काहीच उघडत नाही, तो विसरून जातो. रात्री चॅनलचं नाव बदललेलं, सगळे व्हिडिओ प्रायव्हेट, आणि लाइव्ह चालू.

आता काकूंनी काय करायचं? तो लॅपटॉप आधी नेटवरून तोडायचा आणि त्यावर काहीही लॉगिन करायचं नाही, नवा पासवर्ड तिथे टाकला तर तोही जाईल. काकूंच्या फोनवर अकाउंट अजून उघडं असेल तर तिथूनच पासवर्ड बदलायचा, मग myaccount.google.com वर सिक्युरिटीमध्ये जाऊन सगळी डिव्हाइस बाहेर काढायची, पासवर्ड बदलला की सगळीकडून आपोआप लॉगआउट होईलच असं धरून बसायचं नाही. मग चोरानं आपली पासकी, ऑथेंटिकेटर किंवा रिकव्हरी मेल घुसवलाय का ते बघायचं, बॅकअप कोड नवे काढायचे, आणि जीमेलमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासायचं, कारण तिथे "यूट्यूबचे मेल डिलीट करा" असा नियम बसवलेला असू शकतो. त्यानंतर यूट्यूब स्टुडिओच्या परमिशन्समध्ये अनोळखी माणूस दिसला तर काढायचा, ॲडसेन्स बघायचं.

फोनवरूनही बाहेर फेकलं गेलं असेल तर g.co/recover. चोरानं रिकव्हरी नंबर किंवा मेल बदलला तरी जुना नंबर सात दिवसांपर्यंत रिकव्हरीसाठी वापरता येतो, म्हणून पहिला आठवडा फार मोलाचा. हा फॉर्म नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या घरच्या वायफायवरून भरा, गूगल ओळखीचं डिव्हाइस आणि जागा बघतं, दहा वेगळ्या ठिकाणांहून प्रयत्न केले तर उलट संशय वाढतो. अकाउंट मिळालं की यूट्यूबच्या क्रिएटर सपोर्टला किंवा एक्सवर @TeamYouTube ला कळवायचं, नियम मोडले म्हणून चॅनल बंद पडलं असेल तर अपील तिथूनच. आणि एक्सवर मदत मागितल्या मागितल्या "मी परत मिळवून देतो, अमुक इन्स्टाला मेसेज करा" म्हणणारे येतात, ते सगळे चोर असतात, अगदी सगळे.

याच गोष्टीत भाच्याला काकूंच्या पासवर्डऐवजी स्टुडिओतून एडिटरचा रोल दिलेला असता तर? भाच्याचं सेशन चोरीला गेलं असतं, चोरानं लाइव्हही केला असता, पण एडिटरला माणसं जोडता-काढता येत नाहीत आणि पब्लिश झालेले व्हिडिओ डिलीट करता येत नाहीत, काकूंनी फोनवरून त्याला काढला की विषय तिथेच संपला असता. माझ्या मते ज्यांच्याकडे दुसरं कोणी एडिट करतं त्यांच्यासाठी हा बदल एसएमएस की ॲप या वादापेक्षा मोठा आहे आणि याला एक पैसा लागत नाही.

मग निवडायचं काय. एकट्यानं चॅनल चालवत असाल आणि एकच फोन असेल तर फोनवर पासकी, दुसरी घरातल्या वेगळ्या डिव्हाइसवर, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून फोनपासून लांब. फक्त एकच पासकी आणि बाकी काहीच नाही असं करू नका, फोन हरवला तर चोराऐवजी तुम्हीच बाहेर राहाल. चॅनलवर घर चालत असेल तर दोन यूएसबी सिक्युरिटी की घ्या, काही हजार रुपये जातात, आणि गूगलचा ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन प्रोग्राम चालू करा, त्यात डाउनलोडची तपासणी कडक होते आणि एसएमएसचा रस्ता बंदच होतो, मात्र दोन्ही की गेल्या तर ओळख पटवून अकाउंट परत मिळायला काही दिवस लागतात, हे माहीत असून घ्या.

ऑथेंटिकेटर ॲप कोणासाठी? ज्यांचा फोन जुना आहे आणि पासकी चालत नाही, किंवा जे बाहेरदेशी आहेत आणि भारतातल्या सिमवर एसएमएस येत नाही, त्यांच्यासाठी ते एसएमएसपेक्षा नक्की बरं. फक्त ॲपचे कोड त्याच गूगल अकाउंटमध्ये सिंक करून ठेवले असतील तर अकाउंट बंद झाल्यावर कोडही आतच अडकतात, तेव्हा दुसऱ्या डिव्हाइसवरही लावून ठेवा. एसएमएस फक्त तेव्हाच जेव्हा दुसरं काहीच शक्य नाही, आणि तेव्हाही तो नंबर चालू आहे ना ते आजच बघा. रिचार्ज न करता पडून असलेला नंबर बंद होऊन काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो, आणि खूप चॅनलांच्या रिकव्हरीत अजून कॉलेजातला जुना नंबरच लिहिलेला आहे.