'शून्य टक्के व्याज' असं मीच लिहिलं आणि मीच ४,१७९ रुपयांना फसलो

शोरूमच्या पोस्ट लिहिणं हे माझं काम. 'वॉशिंग मशीन, महिना फक्त ३,०००, व्याज शून्य टक्के' ही ओळ माझीच. ती लिहून त्याच योजनेत पहिली मशीन मीच घेतली, म्हणून कुणाला तोंड दाखवायची सोय उरली नाही. हप्त्यांच्या योजना कशा असतात हे तुम्हाला माहीत आहेच. मला तर तुमच्याहून जास्त माहीत असायला हवं होतं.

फायनान्सवाल्याने दिलेल्या तक्त्यात किमतीचे दोन रकाने होते: रोख ३३,०००, योजना ३६,०००. मी दुसरा उचलला, बाराने भागला आणि पोस्ट तयार! एकाच मशीनच्या दोन किमती का, एवढा एक प्रश्न विचारला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण पोस्ट संध्याकाळपर्यंत हवी होती आणि तक्ता छापील होता. छापील कागदावर माणूस विश्वास ठेवतोच, यात माझं काय चुकलं? (चुकलंच. दोन रकाने डोळ्यांसमोर होते.)

आता हिशोब. बारा हप्ते ३,००० चे, म्हणजे ३६,०००. सुरुवातीलाच प्रोसेसिंग फी ९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १,१७९. एकूण गेले ३७,१७९. रोखीने तीच मशीन ३३,००० ला मिळत होती, म्हणजे जादा ४,१७९. 'मग पावणेतेरा टक्केच की,' असं शोरूमचा माणूस म्हणाला. साफ चूक. पूर्ण रक्कम वर्षभर माझ्याकडे राहिलीच नाही, दर महिन्याला ती घटत गेली. शिवाय फी पहिल्याच दिवशी गेली, म्हणजे खरी उधारी ३१,८२१ चीच. कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=RATE(12,-3000,31821)*12
```

उत्तर येतं सुमारे २३.४ टक्के. मी ज्याला शून्य म्हटलं होतं, ते हे.

कर्जाच्या कागदात 'की फॅक्ट स्टेटमेंट' होतं, म्हणजे कर्जाचा दर आणि शुल्कं एका जागी सांगणारं पत्रक. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यात वार्षिक दर ६.२ टक्के छापला होता, कारण तिथे किंमत ३६,००० धरली होती आणि फक्त फी मोजली होती. रोखीची बुडालेली तीन हजारांची सवलत त्या कागदाला दिसतच नाही. तरी ६.२ म्हणजे शून्य नव्हे, हे मला कागद आला तेव्हा तरी कळायला हवं होतं. सही मोबाइलवर आलेल्या ओटीपीची, कागद नंतर ईमेलवर. वाचतो कोण?

तक्रारीचं तर विचारू नका. फायनान्स कंपनी म्हणाली, जाहिरात शोरूमची. शोरूम म्हणालं, योजना फायनान्सची. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी कंपनीला लेखी तक्रार आणि उत्तरासाठी तीस दिवस. तीस दिवसांनी उत्तर आलं, त्याला माझ्याच सहीचा कागद जोडलेला. लोकपालाच्या कक्षेत बँका आणि फायनान्स कंपन्या येतात, शोरूम येत नाही. शोरूमसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. तिने तक्रार शोरूमकडे पाठवली आणि शोरूमने 'ग्राहकाला माहिती दिली होती' असं लिहून पाठवलं. माहिती कुठली? मी लिहिलेली पोस्ट! हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम देऊ शकत नाही. चार हजारांसाठी ग्राहक आयोगात खेटे कोण घालणार, हे समोरच्यालाही पक्कं ठाऊक असतं. आणि शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. बजावलं, बरं का.

पोस्ट लिहिणाऱ्यांनो, तक्ता हातात आला की आधी विचारा: आज रोख देणाऱ्याला कितीला? तो आकडा हप्त्यांच्या बेरजेइतकाच असेल, फी नसेल आणि व्याज मशीन बनवणारी कंपनी किंवा दुकान सोसत असेल, तरच 'जादा खर्च नाही' लिहा. नाहीतर असं लिहा: 'रोख ३३,०००. हप्त्याने ३,००० × १२, फी करासह १,१७९, एकूण ३७,१७९. रोखीपेक्षा ४,१७९ जास्त, वार्षिक दर सुमारे २३.४ टक्के. कर्ज अमुक कंपनीचं, मंजुरी त्यांच्या हाती.' हे सगळं हप्त्याच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरात, त्याच भाषेत. 'अटी लागू' असं बारीक लिहून वरचा दावा खाली खोडायचा नाही. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या नियमांना ते चालत नाही.

आगाऊ हप्ते घेत असतील तर तेही लिहा, कारण तेवढी उधारी कमी होते आणि दर आणखी चढतो. 'फ्लॅट १२ टक्के', म्हणजे रक्कम घटली तरी व्याज मूळ पूर्ण रकमेवरच, असं कुणी सांगितलं तर वर्षाच्या योजनेत तो खरा साडेएकवीसच्या आसपास असतो. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात तर व्याजावरही जीएसटी लागतो. मशीनच्या कंपनीने व्याजाइतकी सूट दिली तरी हा कर ग्राहकाच्या बिलात येतो, आणि शिव्या मात्र शोरूमला पडतात.

माझी ती पोस्ट अजून शोरूमच्या पानावर आहे. काढा म्हटलं, तर म्हणतात महिनाअखेर होऊ द्या.