बचत गटाच्या कर्जावर घेतलेली मिरची कांडप : आठ महिन्यांचा हिशेब

फेब्रुवारीत गटाकडून 40,000 रुपये उचलले, घरातले 12,000 घातले आणि मिरची कांडपाचं मशीन आणलं. आमचं गाव सांगोला तालुक्यात. त्याच महिन्यात माझ्या जाऊबाईंनी एका मायक्रोफायनान्स कंपनीचं 40,000 चं कर्ज घेतलं. एकाच घरात, एकाच रकमेची दोन कर्जं आठ महिने शेजारी शेजारी चालली. उद्योजकतेच्या वर्गात जे समजलं नव्हतं, ते त्यातून समजलं.

आमच्या गटाला बँकेनं दीड लाख दिले, वर्षाला 7 टक्क्यांनी. गट सभासदाला देतो महिन्याला शेकडा 1 रुपयानं, म्हणजे वर्षाला 12. मधला फरक गटाच्या निधीत राहतो, तो आम्हा दहा जणींचाच. मुद्दल 20 महिन्यांत, महिन्याला 2,000 प्रमाणे फेडायचं. पहिल्या महिन्याचं व्याज 400, दुसऱ्याचं 380, तिसऱ्याचं 360, असं उतरत जाऊन एकूण व्याज होतं 4,200.

जाऊबाईंना हप्ता तेवढा पाठ: 2,115 रुपये, 24 महिने. कर्जाच्या माहितीपत्रकावर व्याज वर्षाला 24 टक्के छापलेलं आहे आणि तेही शिल्लक रकमेवरच लागतं, त्यात फसवणूक नाही. पण 2,115 ला 24 ने गुणलं की 50,760 होतात. म्हणजे 10,760 व्याज. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापून हातात 40,000 पेक्षा कमीच आले. म्हणून कर्ज घेताना हप्ता किती, एवढंच विचारू नका. हातात किती येणार आणि शेवटपर्यंत किती भरायचे, हे दोन आकडे कागदावर मागून घ्या.

आता आमच्याच गटातली चूक सांगते. एप्रिलच्या बैठकीत माझ्या पासबुकात व्याज पुन्हा 400 लिहिलं गेलं. हिशेब लिहिणाऱ्या ताईंनी मागच्या महिन्याचा आकडा उतरवला होता; मनात काही नव्हतं. पण तसंच चालू राहिलं असतं तर 20 महिन्यांत 8,000 व्याज गेलं असतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मी विचारलं, "ताई, मुद्दल 38,000 राहिलंय ना, मग व्याज 380 नको का?" खतावणी उघडली, तर आणखी दोघींचंही तसंच निघालं. त्या दिवसापासून प्रत्येकीचं शिल्लक मुद्दल आधी मोठ्यानं वाचतो, मगच व्याज लिहितो. मुद्दल भरूनही पासबुकातला व्याजाचा आकडा खाली येत नसेल, तर काहीतरी चुकतंय.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. कांडप हा उन्हाळ्याचा धंदा. मे महिन्यात 300 किलो मिरची-मसाला कुटला, किलोला 40 रुपये, म्हणजे 12,000. ऑगस्टमध्ये जेमतेम 60 किलो, म्हणजे 2,400, आणि त्यातूनच वीजबिल. हे मार्चमध्येच दिसत होतं, म्हणून मी बैठकीत मागणी केली: एप्रिल-मेमध्ये दुप्पट मुद्दल भरते, जुलै-ऑगस्टमध्ये फक्त व्याज घ्या. गटानं ठराव लिहिला. मी जास्तीचे भरलेले 4,000 गटाच्या खात्यात राहिले, त्यामुळे बँकेचा हप्ता चुकला नाही. आठ महिन्यांत 16,000 मुद्दल ठरल्याप्रमाणे फिटलं आणि व्याज 2,640 ऐवजी 2,520 गेलं. मुद्दल लवकर कमी झाल्याचा तो फायदा.

कंपनीच्या केंद्र बैठकीत असं होत नाही. जाऊबाईंनी शेळ्या घेतल्या. शेळी व्यायला पाच महिने, करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-सात. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून. सुरुवातीचे हप्ते त्यांनी खुरपणीच्या मजुरीतून भरले, आणि जुलैत हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं छोटं कर्ज काढलं. मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. पण अर्जात उत्पन्न फुगवून लिहिलं तर तो नियम काय करणार? शेळीसाठी कर्ज घ्यायचंच असेल तर पहिल्या वर्षाचे हप्ते कशातून भरणार, ते आधी ठरवा.

कंपनीची एक बाजू मात्र मान्य करायलाच हवी: जाऊबाईंना पैसे पाच दिवसांत मिळाले. आमच्या गटाला बँकेत अडीच महिने लागले. एकदा ठरावावर सचिवांची सही राहिली, एकदा दोघींच्या आधारवरचं नाव खात्याशी जुळेना. मशीन आलं तेव्हा मिरचीचा हंगाम तोंडावर होता, आणखी महिनाभर उशीर झाला असता तर वर्ष वाया गेलं असतं.

आता 24,000 मुद्दल राहिलं आहे आणि दिवाळीच्या भाजणीमुळे हात चालू आहे. पुढच्या हंगामासाठी शेवयांचं मशीन घ्यायचंय. त्यासाठी गटाच्या दुसऱ्या कर्जाचा ठराव याच महिन्याच्या बैठकीत मांडतेय, सगळ्यांची आधार-खाती आधी तपासून.