जन्मदाखल्याचं भाषांतर दोनदा करावं लागलं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नवरा कॅनडात, मी सांगली जिल्ह्यात. स्पाउस व्हिसाच्या अर्जाला माझा जन्मदाखला लागला. तो ग्रामपंचायतीचा, १९९१ सालचा, हाताने लिहिलेला आणि सगळा मराठीत. काकू कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी एका दुपारी भाषांतर करून दिलं. इंग्रजी अगदी झकास, आणि तरीही आठ महिन्यांपूर्वी पत्र आलं की भाषांतर नियमाप्रमाणे नाही, पुन्हा पाठवा.

पहिली चूक काकूंचीच, म्हणजे त्या काकू असण्याची. अर्जदाराच्या नात्यातल्यांनी केलेलं भाषांतर कॅनडाचं इमिग्रेशन खातं घेत नाही. आई-वडील, भावंडं, जोडीदार तर नाहीतच, पण काका-काकू आणि चुलत-मावस भावंडंही त्या यादीत आहेत. हे मी आधी वाचलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा तालुक्याच्या कोर्टाजवळच्या भाषांतरकाराकडे गेले. त्याने दाखल्यातल्या ओळी त्याच क्रमाने ठेवल्या. काकूंनी गाळलेला 'शेरा: निरंक' हा रकानाही त्याने घेतला. गोल शिक्क्यातली अक्षरं चौकटी कंसात 'गोल शिक्का' असं लिहून उतरवली आणि शिक्क्याचा पुसट भाग वाचता येत नाही, असं सरळ नोंदवलं. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेल्या शिक्क्यांचंही भाषांतर लागतं. काकूंनी शिक्का सोडूनच दिला होता.

खरी अडचण नावाची निघाली. दाखल्यात वडिलांचं नाव 'बाळू', माझ्या पासपोर्टवर 'बाळासाहेब'. काकूंनी मायेने 'बाळासाहेब' लिहिलं होतं. भाषांतरकार म्हणाला, "ताई, आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे घालतो, मुळात ते देवनागरीतच आहे. पण बाळूचा बाळासाहेब मी करणार नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं वेगळं प्रतिज्ञापत्र वडिलांकडून करून घ्या." अर्ज तपासणारा मराठी वाचू शकला असता, तर आमच्या पहिल्या कागदाकडे त्याने संशयानेच पाहिलं असतं.

मग नोटरी. मला वाटायचं, नोटरी भाषांतर तपासून शिक्का मारतो. तसं नसतं. भाषांतरकाराने त्याच्यासमोर शपथ घेतली की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर खरं आहे. नोटरीचा शिक्का त्या शपथेवर. मूळ दाखल्याची झेरॉक्स सत्यप्रत करून घेतली, ती वेगळी. एजंट अपोस्टिलही करा म्हणत होता, पण ते मूळ दाखल्यावरची सही-शिक्का खरा असल्याचं प्रमाणपत्र, भाषांतराशी त्याचा संबंध नाही. आमच्या चेकलिस्टमध्ये ते नव्हतंच. तेवढे पैसे वाचले.

मूळ दाखला, भाषांतर, शपथपत्र आणि वडिलांचं प्रतिज्ञापत्र एकाच पीडीएफमध्ये याच क्रमाने जोडून पाठवलं. त्यानंतर या कागदावर एकही प्रश्न आला नाही. व्हिसा झाला.

काकूंना दुसरं भाषांतर दाखवलं. चष्मा वर करून म्हणाल्या, "हे इंग्रजी आहे की सातबारा?"