ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन: स्किमिंग-स्कॅनिंग काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी बेळगावात स्टाफ नर्स आहे. यूकेमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर आणि त्यासाठी आयईएल्ट्स अकॅडेमिक ही इंग्रजीची परीक्षा द्यायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला रीडिंगमध्ये ७ बँड लागतो. म्हणजे ४० पैकी साधारण ३० उत्तरं बरोबर यायला हवीत. ६० मिनिटांत तीन लांबलचक उतारे, आणि उत्तरं उतरवून काढायला वेगळा वेळ नाही. आमच्या अभ्यासाच्या ग्रुपमध्ये खानापूर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक इथल्या मुली आहेत, बहुतेकींची शाळा मराठी नाहीतर कन्नड माध्यमाची. बाकीचे प्रश्न सरावाने सुटू लागतात, पण दिलेलं विधान उताऱ्यानुसार खरं, खोटं की त्यावर माहितीच नाही हे ठरवायच्या ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनपाशी जवळपास प्रत्येकीचं घोडं अडतं. म्हणून या एकाच प्रकारासाठी स्किमिंग आणि स्कॅनिंग, म्हणजे उतारा आधी ढोबळ बघून घेणं आणि मग त्यात नेमकी जागा शोधणं, आम्ही नेटाने वापरून पाहिलं. त्याचा हा अनुभव.

आधी निष्कर्ष सांगते. उत्तर कुठे आहे हे शोधायला ही पद्धत फार चांगली आहे. ते उत्तर फॉल्स आहे की नॉट गिव्हन, हे ठरवायला मात्र तिचा काहीच उपयोग नाही, त्यासाठी वेगळी कसोटी लागते. क्लासमध्ये पहिली गोष्ट भरपूर शिकवतात, दुसरी दोन वाक्यांत उरकतात. मार्क जातात ते दुसरीत.

स्किमिंग म्हणजे उतारा भरभर वाचणं असा समज असतो. आम्ही तसं करत नाही. शीर्षक, त्याखालची ओळ, प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य आणि शेवटचा परिच्छेद एवढंच बघायचं. दोन-तीन मिनिटांच्या वर वेळ द्यायचा नाही. प्रत्येक परिच्छेदासमोर एक शब्द टिपायचा: 'सुरुवात', 'विरोध', 'खर्च', 'आज'. इंग्रजीत सुचला नाही तर मराठीत टिपावा, तो कुणी तपासत नाही. या दोन-तीन मिनिटांत उतारा समजत नाही, समजायचाही नसतो. कुठली माहिती कुठे आहे एवढं कळलं की काम झालं.

स्कॅनिंगला बसताना विधानातले दोन शब्द पकडायचे, आणि हे दोन वेगळ्या कामाचे शब्द आहेत. पहिला शोधायचा: नाव, साल, आकडा, ठिकाण, काहीतरी नजरेत भरणारं. दुसरा तपासायचा: 'ऑल', 'ओन्ली', 'फर्स्ट', 'मोअर दॅन', 'बिकॉज', 'स्टिल' असे छोटे शब्द. पहिल्या शब्दाने जागा सापडते आणि दुसऱ्याने उत्तर ठरतं. शोधायचा शब्द दुर्मीळ हवा. उतारा गोकाकवर असेल तर 'गोकाक' शोधण्यात अर्थ नाही, तो दर दोन ओळींनी येणार.

आमच्यातल्या गोकाकच्या मुलीने तिच्या गावच्या धबधब्यावर सरावासाठी इंग्रजीत एक छोटा उतारा तयार केला. त्याचा आशय असा: 'गोकाकजवळ घटप्रभा नदी वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. बहुतेक पर्यटक पावसाळ्यात येतात, पण झुलता पूल बघायला काही जण हिवाळ्यातही येतात. धबधब्याजवळची सूतगिरणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पाण्याच्या ताकदीवर चालू लागली.' त्यावर चार विधानं होती.

पहिलं विधान: हा कर्नाटकातला सर्वांत उंच धबधबा आहे. चिक्कोडीची मुलगी लगेच म्हणाली, "काय गे, जोग मोठा आहे की! खोटंच हे." जोग २५३ मीटर, आम्हा सगळ्यांना ठाऊक. तरी उत्तर नॉट गिव्हन. उताऱ्यात उंची दिली आहे, तुलना कुठेच नाही. आपलं खरं ज्ञान इथे आडवं येतं. परीक्षेच्या सूचनेतच म्हटलंय की माहिती विधानाच्या विरुद्ध असेल तर फॉल्स, माहिती नसेल तर नॉट गिव्हन. ही माहिती म्हणजे समोरच्या उताऱ्यातली माहिती, जगातली नव्हे. ओळखीचा विषय आला की आम्ही आता मुद्दाम जास्त जपून वाचतो. नर्सिंगच्या मुलींना आरोग्यावरचे उतारे सोपे वाटतात आणि नेमके तिथेच मार्क जातात.

दुसरं: पर्यटक इथे फक्त पावसाळ्यात येतात. तपासायचा शब्द 'ओन्ली'. उतारा म्हणतो काही जण हिवाळ्यातही येतात. सरळ फॉल्स.

तिसरं: विसावं शतक सुरू होण्याआधी गिरणी पाण्याच्या ताकदीवर चालत होती. उताऱ्यात 'विसावं' हा शब्दच नाही, म्हणून दोघींनी नॉट गिव्हन लिहिलं. पण एकोणिसाव्या शतकाची अखेर म्हणजे विसाव्याच्या आधीच की! उत्तर ट्रू. खऱ्या पेपरात असं फार होतं. विधानातले शब्द उताऱ्यात जसेच्या तसे नसतात, अर्थ असतो. म्हणून स्कॅनिंग करताना आकड्यांची आणि काळाची दुसरी रूपंही नजरेत ठेवावी लागतात.

चौथं: धबधब्यामुळेच गिरणीसाठी ही जागा निवडली. यावर खरी वादावादी झाली. गिरणी धबधब्याजवळ आहे, पाण्यावर चालत होती, मग जागा त्याचसाठी निवडली असणार, असं कुणालाही वाटेल. पण हे 'असणार' आपण घातलेलं आहे. उतारा कारण सांगत नाही. नॉट गिव्हन.

या चार विधानांवरून आम्ही जी कसोटी पक्की केली, ती आजही रोज वापरते. विधानाशी जुळणारं वाक्य सापडलं की आधी अर्थ जुळतो का बघायचं. जुळला तर ट्रू. नाही जुळला तर स्वतःला विचारायचं: उताऱ्यातली माहिती वापरून मला हे विधान दुरुस्त करून लिहिता येईल का? 'फक्त पावसाळ्यात' हे दुरुस्त करता येतं: 'पावसाळ्यात आणि हिवाळ्यातही.' म्हणून फॉल्स. 'सर्वांत उंच' हे उताऱ्याच्या आधारे दुरुस्त करता येत नाही, कारण उंच कोण हे तिथे लिहिलेलंच नाही. म्हणून नॉट गिव्हन. ही दुरुस्ती मनात पूर्ण वाक्यात करायची. अर्धवट केली की पुन्हा गोंधळ होतो.

स्कॅनिंगमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला सांगायची तर ती क्रमाची. या प्रकारातली विधानं उताऱ्यातल्या माहितीच्या क्रमानेच येतात. त्यामुळे पहिल्या विधानापासून ओळीने झगडत बसायचं नाही. ज्यांत नाव किंवा साल आहे ती आधी सोडवायची. समजा दुसऱ्या विधानाची जागा दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्याला मिळाली आणि चौथ्याची तिसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला, तर तिसऱ्या विधानाची माहिती असलीच तर या दोहोंच्या मधेच असणार. शेताला दोन्ही बाजूंनी बांध घातल्यासारखं होतं, आत काय आहे तेवढंच बघायचं. त्या पाच-सात ओळी मग भरभर नव्हे, नीट शब्दन् शब्द वाचायच्या. तिथे त्या मुद्द्यावर काही नसेल तर नॉट गिव्हन लिहून पुढे जायचं. पूर्वी एकेक नॉट गिव्हन सिद्ध करायला मुली अख्खा उतारा परत वाचायच्या आणि तिसऱ्या उताऱ्याला वेळच उरायचा नाही. आता एका विधानाला दीड मिनिटाच्या वर देत नाही.

एक गैरसमज मात्र पहिल्यापासून काढून टाकावा लागतो. शब्द सापडला नाही म्हणजे नॉट गिव्हन, असं नसतं. उलट नॉट गिव्हनच्या विधानातले बरेच शब्द उताऱ्यात ठळकपणे असतात, फक्त त्यांच्यातला संबंध नसतो. गिरणी आहे, धबधबा आहे, 'म्हणून' नाही. शब्द हुबेहूब जुळले की ट्रू लिहायचा मोह होतो, तिथेच थांबून तपासायचा शब्द परत बघावा. जागा सापडल्यावर आधीचं आणि नंतरचं एकेक वाक्य वाचायचा नियमही त्यासाठीच. 'हाउएव्हर' पुढच्या वाक्यात बसलेला असतो आणि सगळं उलटं करून टाकतो.

आता उणिवा. विधानात नाव-आकडा काहीच नसेल, उदाहरणार्थ 'सुरुवातीला लोकांना ही योजना पसंत नव्हती', तर शोधायचा शब्दच मिळत नाही. तिथे स्कॅनिंग थंड पडतं, फक्त क्रम आणि परिच्छेदासमोरची टिपणं कामाला येतात. येस, नो, नॉट गिव्हन हा जुळा प्रकार आहे, त्यात लेखकाचं मत विचारतात. तिथे ही पद्धत आणखी तोकडी पडते. उताऱ्यात दुसऱ्या अभ्यासकांची मतंही मांडलेली असतात आणि नुसतं स्कॅन करणाऱ्याला ती लेखकाचीच वाटतात. अशा उताऱ्यात 'कोण म्हणतंय' हे प्रत्येक जागी बघितल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि त्याला वेळ जातोच. आणि ज्यांची इंग्रजी वाक्यरचनाच कच्ची आहे त्यांना जागा बरोबर सापडते पण ते वाक्य उलगडत नाही. आमच्यात दोघींचं असं झालं. त्यांनी महिनाभर ही युक्ती बाजूला ठेवून रोज एक परिच्छेद संथपणे वाचला, मग परत आल्या आणि मग फरक पडला.

सराव मोबाइलवर करू नका, एवढं आवर्जून सांगते. छोट्या स्क्रीनवर अर्धा परिच्छेदच दिसतो, नजर वरून खाली फिरवायची सवय लागत नाही. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत डावीकडे उतारा आणि उजवीकडे प्रश्न असतात, शब्द रंगवून ठेवायची सोयही असते. आम्ही शोधायचा शब्द तेवढा रंगवतो. सगळंच रंगवलं की परत काही दिसेनासं होतं. कागदावर सराव करत असाल तर दोन शब्दांसाठी दोन खुणा ठेवा: शोधायच्या शब्दाला गोल, तपासायच्या शब्दाखाली रेघ.

चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडायची नाही. सूचनेत ट्रू-फॉल्स म्हटलं असेल तर तेच लिहायचं, घाईत येस-नो लिहू नये. वेळ संपताना एखादं विधान राहिलंच, तर आधी सापडलेल्या दोन जागांच्या मधल्या ओळी एकदा बघून घ्या. त्या मुद्द्यावर तिथे अवाक्षर नसेल तर बिनधास्त नॉट गिव्हन लिहा.