१२ लाखांपर्यंत कर नाही, पण सातबारा गुरुजींच्या नावावर असेल तर?

२०२५च्या अर्थसंकल्पानंतर आमच्या भागातल्या शिक्षकांनी एकच हिशेब पाठ केला: पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर कर शून्य. नव्या करपद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करात सूट मिळते, म्हणून नुसता पगार असलेल्याला हे लागू पडतं. ज्याच्या नावावर संत्र्याची बाग किंवा पऱ्हाटी आहे, त्याचा हिशेब मात्र वेगळा निघतो.

वरूड तालुक्यातले दोन शिक्षक धरू. दोघांचाही २०२५-२६चा पगार ११ लाख ८० हजार. दोघांच्या घरकर्जाचं वर्षाचं व्याज १ लाख ४० हजार, भविष्य निर्वाह निधी आणि विमा मिळून दीड लाख, आरोग्य विमा २५ हजार, व्यवसाय कर अडीच हजार. पहिल्याकडे शेती नाही. दुसऱ्याची स्वतःच्या नावावर बाग आहे. आंबिया बहाराचा सौदा ४ लाख २० हजारांना झाला, आणि ३० क्विंटल कापूस ७ हजारांच्या भावानं विकून २ लाख १० हजार आले. खत, फवारणी, डवरणी, वेचणीची मजुरी, राखण असा ३ लाख ३० हजार खर्च वजा जाता हातात ३ लाख राहिले.

| | नवी पद्धत | जुनी पद्धत |
|---|---|---|
| शेती नसलेले गुरुजी | ० | ७८,००० |
| शेती असलेले गुरुजी | १६,३८० | १,२८,७०० |

शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, हे खरंच आहे. पण पगाराला कोणता दर लावायचा हे ठरवताना ते उत्पन्न पगारात मिळवलं जातं. दुसऱ्या गुरुजींचं नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न ११ लाख ५ हजार. त्यात शेतीचे ३ लाख मिळवून १४ लाख ५ हजारांवर कर काढायचा, तो होतो ९०,७५०. मग ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेत तेच ३ लाख मिळवून ७ लाखांवर कर काढायचा, १५,०००. वजाबाकी ७५,७५०. सूट जास्तीत जास्त ६० हजारांचीच असल्यानं १५,७५० उरतात, वर ४ टक्के उपकर. पहिल्या गुरुजींचा मूळ कर ५०,५००च होता, म्हणून तो सगळा माफ झाला.

एवढ्या पगारावर शेतीचं निव्वळ उत्पन्न साधारण १ लाख ४० हजारांपर्यंत असेल तर कर शून्यच राहतो. त्यापुढच्या दर १० हजारांमागे सुमारे हजार रुपये वाढतात. म्हणून खर्चाच्या पावत्या जपा असं मी कळकळीनं सांगते. कृषी केंद्राचं बिल फेकलं आणि मजुरीची नोंद ठेवली नाही, तर ६ लाख ३० हजारांची विक्री आहे आणि त्यातून वजा करायला पुरावा नाही, अशी वेळ येते.

जुनी पद्धत निवडावी का? या पगाराला नाही. घरकर्जाचं व्याज पुरे २ लाख आणि निवृत्तिवेतन योजनेतले ५० हजार धरले तरी जुन्या पद्धतीत पाच लाखांच्या पुढच्या उत्पन्नाला २० टक्क्यांचा दर बसतो. त्यात शेती मिळवली की १० लाखांवरचा ३० टक्क्यांचा दरही लागतो.

खरी चूक विवरणपत्र भरताना होते. शाळेकडून पगारातून कर कापला नाही, म्हणून पुष्कळ जण आयटीआर-१ भरून मोकळे होतात. शेतीचं उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त असेल तर हा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो. उरलेला कर १० हजारांवर असल्यानं तो आगाऊ, शेवटचा हप्ता १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. राहून गेला तर दरमहा एक टक्का व्याज चढतं.

शेत बायकोच्या नावावर करून टाकू, असं कुणी सुचवतं. नवऱ्यानं मोबदल्याशिवाय दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न कायद्यानं नवऱ्याच्याच हिशेबात धरलं जातं, त्यामुळे त्यानं काही साधत नाही. पण जमीन मुळातच आईच्या किंवा बायकोच्या माहेरच्या वाट्याची असेल, तर ते तिचंच उत्पन्न. तिचं दुसरं उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर ही मिळवणी तिलाही लागत नाही.