स्वस्त पुरवठादार की माल परत घेणारा?

ऑनलाइन विकायची एकच बॅग, दोन घाऊक विक्रेते. पहिला ४० ला देतो, पण किमान १०० नग घ्यावे लागतात आणि माल परत घेत नाही. दुसरा ४८ ला देतो, १० नगही चालतात आणि खराब नग ७ दिवसांत बदलून देतो. विक्रीची किंमत १०० धरू. विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन १५, पाठवणी १२, पॅकिंग ३. वरवर पाहिलं तर पहिल्याकडून सुटतात ३० आणि दुसऱ्याकडून २२. बहुतेक जण इथेच गणित थांबवतात.

आता परतावा धरा. आकडे उदाहरणापुरते आहेत. पहिल्याच्या १०० बॅगांपैकी २० ग्राहकांनी परत केल्या आणि त्यातल्या १० पुन्हा विकण्यासारख्या उरल्या नाहीत. ८० विक्रींचे ८०००. त्यातून कमिशन १२००, पाठवणी-पॅकिंग १५००, परतीचं भाडं २४० आणि मालाचे ४००० गेले. उरलेल्या १० चांगल्या बॅगांचे ४०० जमेला धरले, तरी हाती १४६०. म्हणजे ऑर्डरमागे १४-१५ च.

दुसऱ्याच्या १०० बॅगांतल्या ८ परत आल्या, फक्त २ वाया गेल्या. त्याच हिशोबाने १७१२ उरतात. शिवाय एका वेळी ४८० च गुंतलेले, ४००० नव्हे.

हा फरक आपोआप पडत नाही. ७ दिवस मोजले जातात माल तुमच्याकडे पोचल्यापासून. तुमचा ग्राहक पार्सल उघडतो तीन आठवड्यांनी. मी सुरुवातीला खोकी न उघडता रचून ठेवली आणि बदलून मिळण्याची मुदत तशीच घालवली. आलेल्या दिवशीच प्रत्येक चेन, शिलाई, बंद ओढून पाहा, नाहीतर नगामागे दिलेले ते जास्तीचे ८ फुकट गेले.

पहिला कायमचा बाद नाही. त्याच्या मालात १२ परत येऊन ३ च वाया गेल्या, तर तोच २१९६ मिळवून देतो. प्रश्न एवढाच, की हे १०० नग घेण्याआधी कळणार कसं? नमुन्यावरून नाही, नमुना निवडून पाठवलेला असतो. महिन्याभराने दुसऱ्याच कोणाच्या नावावर पुन्हा दोन नग मागवा आणि दोन्ही वेळचे वजन, अस्तर ताडून पाहा. किमान नग कमी करण्याची विनंतीही करा. थोडा जास्त दर लावून २० द्यायला बरेच जण तयार होतात.

पुरवठादाराने पैसे घाऊक खरेदीच्या मंचाबाहेर, फर्मऐवजी भलत्याच माणसाच्या खात्यावर मागितले, तर मी तिथेच बोलणं थांबवतो. तोच फोटो दहा विक्रेत्यांकडे दिसला, तर तुमचा पुरवठादार बहुधा मधला माणूस असतो. प्रत्येक खेपेला माल वेगळा येण्याची शक्यता धरा.

पहिले २० नग दुसऱ्याकडून घ्या. शेवटच्या ऑर्डरची परताव्याची मुदत उलटल्यावरच नफा मोजा.