एक टक्का की दोन टक्के: माशाचा डीएनए कोणत्या जेलवर चालवायचा?

रत्नागिरी-मालवणच्या बाजारातला सुरमईचा तुकडा खरंच सुरमईचा आहे का, हे ठरवायला बहुधा सीओआय जनुकाचा सुमारे ७०० बेस जोड्यांचा तुकडा पीसीआरने वाढवतात. तो जेलवर पाहायचा तर अगॅरोज किती घ्यायचं?

डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटमुळे त्यावर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे सरकतो. लांबी वाढली की भारही त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे नुसत्या पाण्यात लहान-मोठे तुकडे जवळपास एकाच वेगाने जातील. त्यांना वेगळं करते ती अगॅरोजची जाळी: लहान तुकडे त्यातून सटकतात, मोठे अडखळतात.

पीसीआर लागला की नाही एवढंच पाहायचं असेल तर एक टक्का पुरे. ५० मिली टीएई बफरमध्ये अर्धा ग्रॅम पूड चटकन विरघळते. इलेक्ट्रोडमधलं अंतर १४ सेंटिमीटर असेल तर ७० व्होल्टवर पाऊण तासात निकाल दिसतो.

जातीनुसार डीएनए वेगळ्या जागी कापणाऱ्या एन्झाइमने जात ओळखायची असेल तर मात्र दोन टक्केच घ्या. समजा ७०० चे ३७० आणि ३३० असे दोन भाग झाले. एक टक्क्याच्या छोट्या जेलवर ते एकच जाड पट्टी वाटतात आणि चुकीची जात लिहिली जाते. दोन टक्क्यांत ते सुटे दिसतात, पण तासाभराहून जास्त वेळ द्यावा लागतो. पूड एक ग्रॅम लागते आणि तिचे पारदर्शक कण उकळल्यावरही तरंगत राहतात. ते पूर्ण जाईपर्यंत गरम करा, मग उडालेलं पाणी वजन करून डिस्टिल्ड पाण्याने भरून काढा. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी बफरला वापरू नका. मिठाने करंट वाढतो, जेल तापतं, पट्ट्या कडांना वाकतात.

वाचताना शेजारच्या खाचेतल्या लॅडरशी, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांशी, तुलना करा, पण अंतर सरळ प्रमाणात मोजू नका. सरकलेलं अंतर साधारणपणे लांबीच्या लॉगशी जुळतं. ५०० आणि १००० च्या बरोबर मध्ये आलेली पट्टी ७५० ची नसते, सुमारे ७०७ ची असते.

मग बेरीज करा. ३७० आणि ३३० मिळून ७००, म्हणजे कापणी पूर्ण झाली. शिवाय ७०० चीही पट्टी दिसली तर कापणी अर्धवट आहे (किंवा नमुन्यात दोन जाती मिसळल्या आहेत), तेव्हा एन्झाइमला जास्त वेळ देऊन पुन्हा चालवा. फक्त ३५० ची एकच पट्टी आली तर तिथे सारख्या लांबीचे दोन तुकडे एकावर एक बसलेले असतात. आणि डीएनए न घातलेल्या नियंत्रणाच्या खाचेतही ७०० ची पट्टी असेल तर अभिकर्मकांत दूषण आहे, त्या जेलवरून कुठलीच जात लिहू नका.

पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर जेल तसंच ठेवू नका. थांबलेले लहान तुकडे पसरतात आणि ३३० ची पट्टी आधी धूसर होते.